विभाग विकला, पण नफा किती झाला?

लार्सन अँड टूब्रोने आपला इलेक्ट्रिकल आणि ऑटोमेशनचा व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिकला विकायचे १ मे २०१८ रोजी जाहीर केले. ठरलेली रक्कम होती १४,००० कोटी रुपये, रोखीने. नगरच्या एमआयडीसीसह अनेक ठिकाणी पसरलेल्या कारखान्यांचा, स्विचगिअरसाठी प्रसिद्ध असलेला हा व्यवसाय. स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये अटींसह मंजुरी दिली, आणि व्यवहार प्रत्यक्ष पुरा झाला तो ३१ ऑगस्ट २०२० ला. त्या जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत, म्हणजे ऐन कोरोनाच्या काळात, समूहाचा निव्वळ नफा ५,५२० कोटी दिसला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत तो २,५२७ कोटी होता. बांधकामांवर मजूर कमी होते, कामे रखडली होती, आणि नफा मात्र दुपटीहून जास्त. ही वाढ रोजच्या कामातून आलेली नव्हती. त्या तिमाहीत एक अख्खा व्यवसाय विकला गेला होता आणि त्याचा नफा त्याच आकड्यात बसला होता.

आता १४,००० कोटी मिळाले म्हणजे १४,००० कोटींचा नफा झाला, असे मात्र नव्हे. मिळालेली रक्कम आणि नफा यांच्यामध्ये एक वजाबाकी असते आणि तिचा सगळा ताप एकाच प्रश्नात असतो: कंपनीच्या पुस्तकांतून नेमके काय काय बाहेर गेले? हा प्रश्न हजारो कोटींच्या आकड्यांत दिसत नाही, लहान आकड्यांत स्पष्ट दिसतो. म्हणून आपण जबलपूरला येऊ.

समजा, चेरीतालमध्ये एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कंपनी काल्पनिक आहे, धंदे मात्र गावातलेच आहेत. तिचे दोन विभाग: एक विजेचे पॅनेल बोर्ड बनवतो, दुसरा सलवार-सूट शिवतो. जबलपूर तयार कपड्यांसाठी ओळखले जाते, त्यामुळे शिवणकामाच्या विभागाला गिऱ्हाईक मिळायला अडचण आली नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तो विभाग चालू स्थितीत, येणी-देण्यांसकट, १८० लाख रुपयांना घ्यायचे ठरवले. कारखान्याची शेड कंपनी विकणार नाही, ती व्यापाऱ्याला भाड्याने देईल. बँकेतली रोकडही कंपनीकडेच राहील. ही दोन वाक्ये करारात आहेत का, हे हिशेबनिसाने सगळ्यात आधी पाहायचे असते. जे विकले नाही ते पुस्तकांतून हलत नाही, आणि काय विकले ते करारासोबत जोडलेल्या याद्या सांगतात. मालकाने तोंडी काय सांगितले, याला इथे किंमत नाही.

यादीत निघाले ते असे. शिलाई मशीन आणि कटिंगची यंत्रे मूळ १२० लाखांना घेतलेली, आतापर्यंत त्यांवर ७० लाखांचा घसारा लागलेला, म्हणजे पुस्तकी किंमत ५० लाख. कापड आणि तयार माल ६४ लाखांचा. दुकानदारांकडून येणे ५८ लाख, पण त्यातले ६ लाख बुडीत जातील असे धरून तरतूद केलेली, म्हणजे ५२. विजेचे डिपॉझिट ४ लाख. एकूण मालमत्ता १७० लाखांची झाली. देण्यांच्या बाजूला कापडवाल्यांचे ४६ लाख, कारागिरांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद १४ लाख आणि यंत्रांसाठी घेतलेले बँकेचे कर्ज २० लाख, मिळून ८०. १७० मधून ८० गेले, निव्वळ उरले ९० लाख. किंमत १८० लाख मिळाली, म्हणजे विक्रीचा नफा ९० लाख. वकील, सनदी लेखापाल आणि मुद्रांक यांवर ६ लाख खर्च झाला, तो वजा करून ८४.

वजाबाकी एवढीच आहे. अवघड असते ती किर्दीतली नोंद, कारण तिथे ९० हा एक आकडा घालून भागत नाही. विभागाचे एकेक खाते त्याच्या मूळ बाजूच्या उलट बाजूला टाकून शून्यावर आणावे लागते. नावे बाजूला बँक १८०, साठलेला घसारा ७०, बुडीत येण्यांची तरतूद ६, कापडवाले ४६, ग्रॅच्युइटी १४, कर्ज २०, बेरीज ३३६. जमा बाजूला यंत्रे १२०, मालसाठा ६४, येणी ५८, डिपॉझिट ४; बेरीज २४६. फरक ९० लाखांचा, तोच विक्रीचा नफा, तो जमा बाजूला गेला की दोन्हीकडे ३३६. यंत्रे ५० ने नाही, १२० ने काढली आणि घसाऱ्याचे ७० वेगळे काढले, हे लक्षात घ्या. येणीही ५२ ने नाही, ५८ ने गेली.

इथे बऱ्याच ठिकाणी आळस होतो. हिशेबनीस यंत्रांच्या खात्याला पुस्तकी किंमत ५० जमा देतो आणि मोकळा होतो. नफा बरोबर येतो, ताळेबंदही जुळतो, म्हणून कोणाला काही खटकत नाही. पण यंत्रांच्या खात्यात ७० लाख आणि घसाऱ्याच्या खात्यात ७० लाख तसेच राहतात. विकलेली मशीन आता व्यापाऱ्यासाठी धडधडत असतात आणि चेरीतालच्या पुस्तकांत त्यांची भुते राहतात. पुढच्या वर्षी मूळ किमतीवर घसारा काढणारे सॉफ्टवेअर त्या ७० लाखांवरही घसारा लावते आणि पॅनेल विभागाचा नफा विनाकारण कमी दिसतो. चूक पकडायची सोपी खूण आहे: विक्रीनंतर स्थिर मालमत्तेची नोंदवही उघडायची आणि तिथले प्रत्येक यंत्र अजून कंपनीच्या मालकीचे आहे का ते पाहायचे. नसेल तर विकलेले ते यंत्र पुस्तकांत अजून जिवंत आहे.

याहून महाग चूक मुख्य कार्यालयाच्या खात्याची. विभागाची पुस्तके वेगळी ठेवली असतील तर त्यांत मुख्य कार्यालयाचे एक खाते असते. कंपनीने विभागात घातलेला पैसा आणि विभागाने मिळवलेला नफा तिथे साठत जातो. आपल्या उदाहरणात ते ९० लाख जमा असेल, कारण विभागाची मालमत्ता १७० आणि बाहेरची देणी ८० असताना तेरीज जुळायला दुसरा आकडा असूच शकत नाही. हे ९० लाख देण्यांच्या रांगेत बसलेले पाहून कोणी त्यांनाही देणे धरले, तर निव्वळ मालमत्ता शून्य होते आणि नफा एकदम १८० लाख दिसतो. खरे तर कंपनी स्वतःचीच स्वतःला देणेकरी नसते. खरेदीदार ते खाते घेत नाही आणि ते हस्तांतरणाच्या नोंदीत येतही नाही. विभागाची पुस्तके कंपनीच्या पुस्तकांत मिळवताना दोन्हीकडचे हे खाते एकमेकांना छेदून संपते. उलट ते एक आयती पडताळणी आहे: निव्वळ मालमत्तेचा तुमचा आकडा मुख्य कार्यालयाच्या खात्याशी जुळला नाही, तर एखादे खाते यादीतून सुटले आहे किंवा शेड, रोकड यांसारखे मागे राहणारे काही त्यात मिसळले आहे.

करार होणे आणि ताबा जाणे यांत काही आठवडे तरी जातात. एल अँड टीच्या व्यवहारात तर दोन वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढ्यात माल विकला जातो, नवीन कापड येते, येणी वसूल होतात. म्हणून करारात बहुधा अशी सोय असते की ताब्याच्या दिवशी मालसाठा, येणी आणि कापडवाल्यांची देणी पुन्हा मोजायची आणि ठरलेल्या पातळीपेक्षा जितका फरक पडेल तितकी किंमत वर-खाली करायची. समजा, ताब्याच्या दिवशी गोदामात गठ्ठे मोजले आणि माल ६४ ऐवजी ५८ लाखांचा निघाला. किंमत ६ लाखांनी उतरून १७४ झाली. मालसाठ्याचे खातेही ५८ वर आणले, तर निव्वळ मालमत्ता ८४ आणि नफा पूर्वीसारखाच ९०. पण ६ लाखांचा माल गेला कुठे? तो विकला गेला असेल तर त्याचे पैसे कंपनीकडे आलेच. तो चोरीला गेला किंवा उंदरांनी कुरतडला असेल, तर ते ६ लाख विभाग चालवतानाचे नुकसान आहे आणि त्याची जागा विक्रीच्या आधीच्या नफा-तोट्यात आहे. तूट विक्रीच्या नफ्यातून वजा करून टाकली की एकूण बेरीज तीच राहते, पण गोदामातली गळती विक्रीच्या आड कायमची लपते. लेखापरीक्षक ताब्याच्या दिवसाची मोजणीची कागदपत्रे मागतो ती एवढ्यासाठीच.

देणी बाहेर काढणे हे मालमत्ता काढण्याइतके सोपे नाही. मशीन हे तुमचे असते, ते तुम्ही देऊ शकता. कर्ज मात्र तुमचे आणि बँकेचे असते. विकणारा आणि घेणारा यांनी आपसात ‘कर्ज आता तू फेड’ असे ठरवले, तरी बँकेला ते बांधील नाही. बँकेने, विकणाऱ्याला मोकळे करून नागपूरच्या व्यापाऱ्याला ऋणको म्हणून स्वीकारले असे लेखी द्यावे लागते. भारतीय करार कायदा १८७२ मधली ही जुन्या कराराच्या जागी नवा करार येण्याची तरतूद आहे. समजा, ताब्याच्या दिवसापर्यंत बँकेचे पत्र आलेच नाही. मग ते २० लाख पुस्तकांतून काढता येत नाहीत. कर्ज तसेच राहते आणि समोर ‘खरेदीदाराकडून येणे’ म्हणून २० लाख उभे राहतात. नफ्याचा आकडा ९० च राहतो. पण आता व्यापारी बुडाला तर बँक चेरीतालच्याच दारात येईल, आणि ताळेबंद हे उघड सांगतो. पत्र न येताच कर्ज पुसले, तर हा धोका वाचणाऱ्याला दिसतच नाही. ग्रॅच्युइटीचेही थोडे असेच आहे: कारागिरांची जुनी नोकरी नव्या मालकाकडे सलग धरली जाईल, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसतील आणि पुढे भरपाई द्यायची वेळ आली तर ती जुन्या वर्षांसकट नवा मालक देईल, असे करारात स्पष्ट हवे. तसे नसेल तर कपातीची भरपाई विकणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि मग ते १४ लाख काढून टाकून हिशेब संपत नाही.

देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तेव्हा काय होते, यावर मुंबईत एक गाजलेला वाद झाला आहे. आरपीजी समूहातल्या समिट सिक्युरिटीजच्या प्रकरणात वीजवाहिन्यांचा व्यवसाय १४३ कोटींना गेला होता, आणि त्या व्यवसायाची देणी मालमत्तेपेक्षा १५७.१९ कोटींनी जास्त होती. कंपनीचे म्हणणे, किंमत १४३, निव्वळ मूल्य शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून नफा १४३ कोटी. आयकर खात्याचे म्हणणे, नफा ३००.१९ कोटी. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष पीठाने २०१२ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. ऐकायला अन्यायाचे वाटते, पण हिशेब सरळ आहे. हातात १४३ कोटी आले आणि शिवाय मालमत्ता वळती करूनही उरणारा १५७ कोटींचा बोजा डोक्यावरून उतरला. या दोन्हींचा मिळून तो फायदा. किंमत कागदावर लहान असली तरी देणी मोठी असतील तर विक्रीचा नफा किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

कराचा हिशेब पुस्तकी हिशेबासारखा नसतो. प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत न लावता अख्खा विभाग एका रकमेला विकला, तर त्याला स्लम्प सेल म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी १९९९ च्या वित्त कायद्याने ५०ब हे कलम आणले. त्यात विभागाचे निव्वळ मूल्य हीच खरेदीची किंमत धरायची, पण यंत्रांसाठी कंपनीचा पुस्तकी घसारा चालत नाही, आयकराच्या दराने घसारा लावून उरलेली किंमत घ्यावी लागते. आयकराचा घसारा बहुधा जास्त असतो. समजा, चेरीतालच्या यंत्रांची तशी किंमत ५० ऐवजी ३८ लाख आहे. बाकी आकडे तेच धरले तर निव्वळ मूल्य ७८, आणि १८० मधून ७८ व ६ लाख खर्च गेले की करपात्र नफा ९६ लाख. पुस्तकात ८४, करात ९६. विभाग ३६ महिन्यांहून जुना असल्याने हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, त्यावर १२.५ टक्क्यांनी १२ लाख, वर अधिभार आणि उपकर. महागाईचा निर्देशांक लावून मूळ किंमत वाढवायची सवलत इथे कधीच नव्हती. आणि किंमत मुद्दाम कमी लिहिली तरी उपयोग नाही, कारण नियमाने काढलेले बाजारमूल्य जास्त निघाले तर तेच धरले जाते.

या कलमातून निसटायची एक वाट मुंबईच्याच भारत बिजलीने दाखवली होती. कंपनीने आपला लिफ्टचा विभाग टायगर एलिव्हेटर्सला दिला, पण मोबदल्यात रोख न घेता प्रेफरन्स शेअर आणि रोखे घेतले. ही विक्री नसून अदलाबदल आहे, म्हणून स्लम्प सेलचे कलम लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून होता. सरकारने मग अक्षरच बदलले: २०२१ च्या वित्त कायद्याने ‘कोणत्याही मार्गाने’ केलेले हस्तांतरण त्यात ओढले आणि ती वाट बंद झाली.

शेवटी ही नोंद दाखवायची कुठे? ८४ लाखांचा नफा सलवार-सूटच्या विक्रीच्या उत्पन्नात मिसळायचा नाही, पॅनेल विभागाच्या नफ्यात तर नाहीच. तो बंद होत असलेल्या व्यवसायाचा म्हणून वेगळ्या ओळीत, कर वेगळा दाखवून, यायला हवा. चेरीतालसारख्या छोट्या कंपनीला हे लेखा मानक २४ सांगते. एल अँड टीसारख्या कंपनीला इंड-एएस १०५ लागू होते आणि त्याची शिस्त अधिक कडक आहे. विक्री वर्षभरात होण्याची दाट शक्यता असली की विभागाची मालमत्ता आणि देणी ताळेबंदात वेगळी, एकमेकांतून वजा न करता दाखवायची. मंजुरीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने वर्ष उलटले तरी चालते. विभाग असा वेगळा दाखवायला लागल्या दिवसापासून यंत्रांवर घसारा थांबतो. याचा एक परिणाम सहज सुटतो: घसारा थांबल्याने पुस्तकी किंमत खाली येत नाही, त्यामुळे ताबा जाईपर्यंतचा नफा थोडा फुगतो आणि विक्रीचा नफा तेवढाच आक्रसतो.

यादीत काय नव्हते, हेही कधीकधी वर्षांनी कळते. एल अँड टीने व्यवसाय विकला, आपले नाव विकले नाही, ते फक्त ठरावीक काळ वापरायची मुभा दिली. म्हणून तो व्यवसाय २०२४ मध्ये लॉरिट्झ नूडसेन या नावाने बाजारात आला.

तुमच्या कंपनीचा एखादा विभाग विकायची बोलणी सुरू झाली असतील, तर किमतीच्या घासाघिशीत पडण्याआधी तीन गोष्टी लेखी करून घ्या: जाणाऱ्या मालमत्तेची आणि देण्यांची खातेवार यादी, मागे राहणाऱ्यांची यादी, आणि प्रत्येक धनकोचे, निदान बँकेचे तरी, तुम्हाला मोकळे केल्याचे पत्र. हे कागद हातात आले की नफ्याचा आकडा हिशेबनीस एका बैठकीत काढून देईल.